आई दवाखान्यातून घरी येईल, त्या दिवशी तुम्ही तिथे हव्यात

«आई ७४ वर्षांची, बाबा ७९. मी नवरा आणि मुलासह परदेशात राहते. तीन महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी मिळेल त्या पहिल्या विमानाने निघाले, तरी पोहोचेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. आठवडाभर दवाखान्यात तिच्याजवळ बसले. ती घरी आली आणि तीन दिवसांत माझी रजा संपली. ठेवलेली मदतनीस पाचव्या दिवशी सोडून गेली. पैसे होते, पण सगळे बाबांच्या एकट्याच्या नावावर, आणि बाबांना हल्ली विसरायला होतं. अनामत रक्कम शेवटी मावसबहिणीने भरली. आई आता वॉकर घेऊन चालते. पुन्हा असं काही झालं तर? आधीच काय करून ठेवू? नोकरी सोडून परत जावं का, हाही विचार मनात येतो.»

आधी प्रवासाबद्दल बोलू, कारण बाकीची व्यवस्था त्याच्याशी बांधलेली आहे.

खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत करतात. पेशंट जितके जास्त दिवस पडून राहतो, तितका न्यूमोनियाचा, पाठीला जखमा होण्याचा आणि पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरण्याचा धोका वाढतो. त्यामुळे परदेशातल्या मुलीची वाट पाहत ऑपरेशन थांबवणं हे आईच्या हिताचं नसतं. तिकीट, सामान आणि प्रवास धरले तर तुम्ही पोहोचेपर्यंत हे दोन दिवस उलटलेलेच असतात. त्या दोन दिवसांत तीनच गोष्टी लागतात: भरायला पैसे, संमतीपत्रावर सही आणि आईजवळ ओळखीचं एक माणूस. आई शुद्धीवर असेल आणि डॉक्टरांचं बोलणं तिला समजत असेल, तर ती सही तिची तीच करू शकते. उरलेल्या दोन गोष्टींची सोय दुरून होऊ शकते, फक्त ती आधी लावलेली असावी लागते.

त्यानंतरचे दिवस दवाखान्यात नर्स असतात, फिजिओथेरपिस्ट येतात, औषधं वेळेवर दिली जातात. जवळच्या माणसाचा आधार तेव्हाही लागतोच, पण काम अडत नाही. काम अडतं ते घरी सोडतात त्या दिवशी. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या पुढे बहुधा महिनाभर चालू राहतात. पेशंटला पलंगावरून उठवायचं, शौचालयात न्यायचं, व्यायाम करून घ्यायचे, जखमेवर लक्ष ठेवायचं. काल तीन पाळ्यांतली प्रशिक्षित माणसं जे करत होती ते आज एका मदतनिसावर येतं, आणि तिला आईची ओळखही नसते. घरची पद्धत पहिल्या आठ-दहा दिवसांत बसली तर पुढे टिकते. तुमच्या बाबतीत नेमके हेच दिवस तुमच्या हाती फार थोडे राहिले.

समजा, आई रविवारी रात्री पडली, मंगळवारी ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी घरी सोडायचं म्हटलं. तुम्ही शनिवारी पोहोचलात, तर तुमच्याकडे होते तेवढ्याच दहा दिवसांतले दोन दवाखान्यात जातात आणि आठ घरी मिळतात. त्या दोन दिवसांत फिजिओथेरपिस्टकडून आईला उठवण्याची रीत शिकता येते, औषधांची यादी समजून घेता येते, घरातली मांडणी बदलता येते आणि मदतनीस निवडता येते. डिस्चार्जची तारीख एक-दोन दिवस मागेपुढे होते, म्हणून दोन दिवस आधी पोहोचणं बरं.

हा हिशेब पडणं, हाड मोडणं आणि ठरवून केलेली ऑपरेशनं यांना लागू पडतो. पक्षाघात होऊन शुद्ध हरपत असेल, मोठा हृदयविकाराचा झटका असेल, श्वासासाठी यंत्र लावलं असेल, जंतुसंसर्गामुळे रक्तदाब टिकत नसेल किंवा डॉक्टर स्वतः «या» म्हणत असतील, तर हिशेब बाजूला ठेवून निघायचं. फोनवर डॉक्टरांना «सिरियस आहे का?» असं विचारलं तर उत्तर मोघम येतं. त्याऐवजी असं विचारा: आई शुद्धीवर आहे का, आणि माझ्याशी बोलू शकेल का? श्वास किंवा रक्तदाब टिकवायला यंत्र किंवा औषध लागतंय का? येत्या दोन दिवसांत घरच्यांना कोणता निर्णय घ्यावा लागेल? सगळं ठीक राहिलं तर लवकरात लवकर घरी कधी सोडाल? शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर दिवस सांगू शकले, तर तुम्हाला तिकिटाची तारीख मिळाली. त्यांना दिवस सांगता येत नसेल, तर ताबडतोब निघायला ते कारण पुरेसं आहे.

तुमच्या घरी याला एक अपवाद आहे, तो म्हणजे बाबा. आई दवाखान्यात असते तेव्हा विस्मरण होणारा माणूस घरी एकटा राहतो आणि धावपळीत कुणाच्या ते लक्षातही येत नाही. शेगडी, गोळ्या, रात्री दार उघडून आईला शोधायला बाहेर पडणं, हे सगळं त्याच पहिल्या रात्री घडू शकतं. म्हणून आईसोबत कोण जाईल हे जसं ठरवाल, तसंच बाबांसोबत त्या रात्री कोण झोपेल तेही नावानिशी आज ठरवा. तसं कुणीच नसेल तर तुम्ही पहिल्या विमानाने निघणंच योग्य, मग आई स्थिर असली तरी.

ऑपरेशनला लेक आली नाही, असं कुणीतरी म्हणेल. ते ऐकून घ्यावं लागेल. आईशी मात्र ऑपरेशनआधी स्वतः व्हिडिओवर बोला आणि कोणत्या दिवशी येताय ते तिला सांगा. या वयात ऑपरेशननंतर काही दिवस माणूस गोंधळतो, दिवस-रात्र उलटसुलट होते, कधी घरची माणसंही ओळखू येत नाहीत. बहुतेकांमध्ये हे ओसरतं, पण डॉक्टरांना ते लगेच सांगायचं, कारण त्यामागे संसर्ग, वेदना, बद्धकोष्ठ किंवा एखादं औषध असू शकतं. तिचा चष्मा, कानातलं यंत्र आणि ओळखीचा आवाज यांचा अशा वेळी खरोखर उपयोग होतो. मावसबहिणीला चष्मा न्यायची आठवण करा. घाईत तो घरीच राहतो.

आता पैसे. तुमच्याकडे पैसा कमी नव्हता, त्याला हात लावू शकेल असं माणूस नव्हतं. अशा घरांत एक गैरसमज हमखास असतो: खात्यावर नॉमिनी म्हणून नाव लावलं आहे, म्हणजे अडीअडचणीला पैसे काढता येतील. नॉमिनीचा संबंध खातेदाराच्या मृत्यूनंतर येतो. खातेदार आजारी आहे, बेशुद्ध आहे किंवा विसरतो आहे, तेव्हा नॉमिनीला एक पैसाही काढता येत नाही. त्यासाठी संयुक्त खातं लागतं, आणि तेही दोघांपैकी कुणा एकाच्या सहीवर चालणारं. दोघांच्या सह्या लागणारं संयुक्त खातं आणीबाणीत एकट्याच्या खात्याइतकंच अडतं. तेव्हा बँकेत नुसतं «जॉइंट आहे का» असं विचारू नका, व्यवहार कुणाच्या सहीवर चालतो ते विचारा. परदेशात राहणाऱ्या व्यक्तीला अशा खात्यावर नाव लावता येतं का, कोणत्या अटींवर आणि त्यावर कर कसा लागतो, हे दोन्ही देशांत वेगवेगळं असतं. बँकेकडून ते लेखी घ्या. तुमचं नाव बसत नसेल तर आई आणि बाबा अशी जोडी तरी आजच करा, कारण आई आर्थिक निर्णय नीट घेऊ शकते.

या खात्यात किती ठेवायचं ते अंदाजाने ठरवू नका. आईला ज्या दोन दवाखान्यांत नेलं जाण्याची शक्यता आहे, त्यांना विचारा की दाखल होताना अनामत किती मागता आणि खुब्याच्या ऑपरेशनचा एकूण खर्च साधारण किती येतो. विमा असला तरी कंपनीची मंजुरी येईपर्यंत अनामत हातानेच भरावी लागू शकते, आणि विमा काही खर्च देतही नाही. एका ऑपरेशनचा पूर्ण खर्च आणि मदतनिसांचा दोन महिन्यांचा पगार, एवढी रक्कम तिथल्याच चलनात, मोडायला वेळ लागणार नाही अशा रूपात ठेवा. याहून जास्त तिथे अडकवायची गरज नाही.

मावसबहिणीसाठी वेगळी सोय करा. तिला मुख्य खात्याचं कार्ड आणि पिन देणं दोघांच्याही दृष्टीने वाईट. बँकेचे नियम त्याने मोडतात, आणि पुढे कधी हिशेबाचा प्रश्न आला तर नातं बिघडतं. आईच्या नावाचं दुसरं छोटं खातं उघडून त्यात अनामतीपुरतेच पैसे ठेवा, आणि त्यावर बहिणीला रीतसर अधिकार द्या: सहखातेदार म्हणून, बँकेच्या अधिकारपत्राने किंवा तिच्या नावाच्या जोडकार्डाने, तिथली बँक जे देत असेल ते. काही गडबड झालीच तर तेवढीच रक्कम धोक्यात राहते. बहिणीलाही स्वतःची बचत मोडावी लागत नाही. पैसे असूनही कुणी भरू शकत नाही, याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे ओटीपी. तो बाबांच्या फोनवर येतो, फोन घरी असतो, त्याचं कुलूप कुणाला उघडता येत नाही. तेव्हा आणीबाणीच्या खात्याला आईच्या फोनचा नंबर जोडलेला असावा आणि तो फोन तिच्यासोबत दवाखान्यात जावा.

परदेशातून पाठवायचे पैसे ही दुसरी फळी आहे, पहिली नाही. पैसे पोहोचायला कधी काही मिनिटं लागतात, कधी कामाचे दोन-तीन दिवस, आणि शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. नव्या माणसाला पहिल्यांदाच मोठी रक्कम पाठवली की तपासणीसाठी ती बऱ्याचदा अडकते: पैसे कुठून आले, कशासाठी चालले, नातं काय, असे प्रश्न येतात. म्हणून ज्या खात्यावर कधीकाळी पाठवावे लागतील त्या प्रत्येक खात्यावर आत्ताच एकदा छोटी रक्कम पाठवून बघा. नावाच्या अक्षरांत फरक असला तर तेव्हाच कळेल. एकच सेवा ठेवू नका, दोन ठिकाणी तुमची कागदपत्रं तपासून तयार असू द्या. आणि दोघांची तुलना करताना शुल्क किती याकडे पाहू नका, कारण शुल्क शून्य म्हणणारे विनिमय दरात घेतात. तुमच्याकडून जाणारी एकूण रक्कम सारखी ठेवा आणि घरच्या खात्यात हातात नेमकी किती पडते तेवढंच बघा.

बाबांच्या नावावरच्या पैशाचं काम सगळ्यांत घाईचं आहे, कारण ते करायचे दिवस कमी होत आहेत. मुखत्यारपत्र करून देण्यासाठी आपण काय करतोय हे देणाऱ्याला समजावं लागतं. विस्मरणाच्या सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकांना ते समजतं. पुढे समजत नाही, आणि मग न्यायालयाकडून पालक नेमून घेण्यावाचून मार्ग राहत नाही. त्यात महिने जातात. शिवाय अनेक देशांत साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की आपोआप निष्प्रभ होतं, म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं त्याच दिवशी ते चालत नाही. काही देशांत समज गेल्यावरही चालू राहणारं वेगळ्या प्रकारचं मुखत्यारपत्र करता येतं. वकिलाला नेमका हाच प्रश्न विचारा: बाबांची समज गेली तर हे चालेल का? उत्तर «नाही» असेल, तर मुखत्यारपत्रावर विसंबू नका. बाबांची मोठी ठेव आईसोबतच्या खात्यात आणणं आणि नेहमीची बिलं तिथून जाऊ देणं अधिक भरवशाचं. वैद्यकीय निर्णय कुणी घ्यायचे याचा कागद बहुधा वेगळा असतो. पैशाच्या मुखत्यारपत्राने तो अधिकार मिळाला असं धरून चालू नका.

सही करण्याच्या सुमारास बाबांच्या डॉक्टरांकडून त्यांना व्यवहार समजत असल्याचा लेखी दाखला घेऊन ठेवा. पुढे कुणी शंका काढली तर तोच उपयोगी पडतो. बाबांनी तिथेच सही केली तर बाबांच्या देशात ते सहज चालतं. पण तुम्ही परदेशात सही केलेला कागद तिथे चालवायचा असेल, तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागू शकतो. १९६१ च्या हेग करारात असलेल्या देशांमध्ये हा शिक्का चालतो. दोघांपैकी एक देश करारात नसेल तर वकिलातीमार्फत साक्षांकन करावं लागतं. दोन्हींत दिवस किंवा आठवडे जातात, म्हणून आई दवाखान्यात असताना हे करायला घेऊ नये.

हे सगळं बाबांच्या अपरोक्ष करू नका. आपल्याला वेडं ठरवून पैसे काढून घेतले, अशी त्यांची समजूत झाली तर ते कागद दडवतील, बँकेत जाऊन भांडतील, आणि त्यात चूक त्यांची नसेल. रोजच्या खर्चाचं खातं आणि कार्ड त्यांच्याकडेच राहू द्या. व्यवहाराचा संदेश त्यांनाही आणि तुम्हालाही येईल अशी सोय करा. एकच बिल दोनदा भरलं गेलं, अनोळखी नावाला पैसे गेले, तर तुम्हाला त्याच दिवशी कळेल आणि त्यांचा मानही राहील.

मदतनीस पाचव्या दिवशी का गेली, याचं उत्तर बहुतेक घरांत तासांच्या हिशेबात सापडतं. आठवड्याचे तास १६८. बारा तासांची पाळी आणि आठवड्यातून एक सुटी धरली, तर एक माणूस ७२ तास देतो. दोन माणसं मिळून १४४. उरलेले २४ तास, म्हणजे दोघांच्या सुटीच्या दोन पाळ्या, कुणाच्याच नाहीत. त्या पाळ्या घरचं माणूस उचलतं, किंवा «आजच्या दिवस थांब ना» म्हणत त्याच मदतनिसावर पडतात. चोवीस तास राहणारी एकच बाई ठेवली तर ती दिवसा काम करते, रात्री चारदा उठते आणि थोड्याच दिवसांत थकून जाते. पहिल्या दोन आठवड्यांसाठी दिवसाची एक, रात्रीची एक आणि सुटीच्या दिवसांसाठी तिसरी, अशी तीन नावं हवीत. तिसरीला आठवड्यातून दोनच पाळ्या असल्या तरी पहिल्याच आठवड्यापासून बोलवा, म्हणजे कुणी आजारी पडली तर येणारं माणूस आईला नवीन नसेल.

दुसरं कारण म्हणजे कामाची व्याप्ती. काम सांगताना आईचं सांगितलेलं असतं. घरी आल्यावर त्यात बाबांचं जेवण, बाबांच्या गोळ्या, कपडे आणि स्वयंपाक जमा होतात. तुमच्या घरी काळजी घ्यायची माणसं दोन आहेत. पगार ठरवतानाच ते मोकळेपणाने सांगा, तसा मोबदला द्या आणि घरकामाला वेगळं माणूस ठेवा. कागदावर लिहा: काय करायचं, काय करायचं नाही, सुटी कोणती, जेवण आणि झोपेची जागा कुठे, आणि काही अडलं तर आधी फोन कुणाला. आईला एकटीने उचलायला लावू नका. पेशंटला उचलायचं नसतंच. तिने स्वतः हातांनी जोर देऊन उठायचं आणि मदतनिसाने कमरेशी आधार द्यायचा, ही रीत फिजिओथेरपिस्टकडून सगळ्या मदतनिसांनी शिकायला हवी. पलंग आणि खुर्ची एवढ्या उंच हव्यात की आई बसल्यावर तिचे पाय जमिनीवर टेकतील आणि गुडघा खुब्याच्या वर जाणार नाही. शौचालयाची बैठकही त्याच उंचीची करून घ्या. खुबा बदलला असेल तर किती वाकायचं, कोणत्या कुशीवर झोपायचं याच्या सूचना सर्जनप्रमाणे बदलतात. त्या लेखी घ्या आणि पलंगाशेजारी लावा.

दुरून लक्ष कसं ठेवायचं? व्हिडिओवर चेहरा बघून फारसं कळत नाही, कारण तुम्हाला काळजी नको म्हणून आई हसून बोलते. तिला खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत चालायला सांगा आणि ते बघा. मागच्या आठवड्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल, वॉकरवर जास्त भार येत असेल, तर दोन दिवस व्यायाम झालेला नाही किंवा काही दुखतंय. आठवड्यातून एकदा गोळ्यांची पाकिटं कॅमेऱ्यासमोर मोजा. किती उरायला हव्या होत्या हे तुम्हाला माहीत असतं. टाचा आणि माकडहाड बघायला सांगा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा झाला नाही, तर तिथे जखम होऊ घातली आहे. त्या भागावरचा दाब काढायचा आणि नर्सला लगेच बोलवायचं. नोंदवही रोज लिहायला सांगा: पाणी, जेवण, शौच, चालणं, औषध. सात दिवस एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसले तर ते तसेच लिहिलेले असतात. आणि एक गोष्ट आईला थेट विचारा: रात्री कुणाला उठवावं लागू नये म्हणून पाणी कमी पितेस का? पुष्कळ बायका हे करतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, मग गोंधळलेपण, मग पुन्हा पडणं.

ही चोवीस तासांची सोय कायमची नसते. आई रात्री वॉकर घेऊन स्वतः शौचालयात जाऊ लागली की रात्रीची पाळी नुसत्या सोबतीवर आणता येते. साधारण सहा ते बारा आठवड्यांत दिवसाचेही तास कमी करता येतात. केव्हा ते फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या. खर्च कमी करायचा म्हणून घाई करू नका. तुमच्या आईला पडून तीन महिने झाले आहेत, तेव्हा तिच्याबद्दल हा प्रश्न त्यांना आत्ताच विचारा. त्यासोबत हाडांच्या ठिसूळपणाचं औषध सुरू झालं आहे का तेही बघा. साध्या पडण्याने खुबा मोडणं हीच हाडं ठिसूळ झाल्याची खूण असते. ऑपरेशन करणारे सर्जन आणि नेहमीचे डॉक्टर यांच्यामध्ये हे औषध सुटून जातं, आणि दुसरा खुबा मोडण्याचा धोका तसाच राहतो. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचाही फेरविचार करून घ्या. उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला हवा.

मावसबहिणीबद्दल एवढंच: तिला आभार नकोत, अधिकार आणि आराम हवा. काही रकमेपर्यंतचा निर्णय तुम्हाला न विचारता तिने घ्यावा आणि नंतर तुम्ही त्यात खोट काढू नये. जाण्यायेण्याचा खर्च तिने मागण्याआधी दर महिन्याला तिच्या खात्यात जावा. आणि तुम्ही तिकडे असाल तेव्हा तिने यायचं नाही.

तुमच्या बाजूची तयारी आता थोडक्यात सांगते. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट किमान सहा महिने पुढे वैध असावा. तुम्ही किंवा मुलाने नागरिकत्व बदललं असेल, तर आईबाबांच्या देशात शिरायची दीर्घ मुदतीची परवानगी आत्ताच काढून ठेवा. परतीचं अधिक महत्त्वाचं: राहत्या देशातला परवाना नूतनीकरणात असताना बाहेर पडलं, तर काही देशांत तो अर्जच रद्द धरला जातो. अर्ज करण्याआधी बाहेर जाण्याची वेगळी परवानगी लागते का ते पाहा. मधल्या विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही काही ठिकाणी व्हिसा लागतो. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडली, तरी पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही. तारीख बदलता येईल असं परतीचं तिकीट घ्या. जाण्याचा टप्पा चुकवला आणि परतीचा वापरू म्हटलं, तर तसं सहसा चालत नाही. पहिल्या टप्प्याला हजर नसलं की उरलेलं तिकीट रद्द होतं. आणि नोकरीच्या ठिकाणी विचारून ठेवा की कुटुंबातल्या आजारपणासाठी रजा किती मिळते, आणि दुसऱ्या देशातून काही आठवडे काम करू देतात का. करांच्या आणि माहितीच्या सुरक्षेच्या कारणाने काही कंपन्या तेवढं करू देत नाहीत, आणि ते विमानतळावर कळून उपयोग नसतो.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. आईच्या खुब्यासाठी सोडू नका. ती सुधारते आहे, आणि मदतनिसांचा, औषधांचा खर्च तुमच्या पगारातून चालतो. परत जायचं की नाही हे बाबांच्या विस्मरणावर ठरेल, आणि ते नेमकं काय आहे हे अजून तपासलेलं दिसत नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, काही गोळ्या, यांमुळेही माणूस विसरतो, आणि यांवर उपाय आहेत. तपासणीत तसं काही निघालं नाही आणि आजार वाढत जाणारा ठरला, तर पुढची काही वर्षं एकट्या आईच्या खांद्यावर टाकता येणार नाहीत, कितीही मदतनीस ठेवल्या तरी. शेगडी चालू राहणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, रात्री बाहेर पडणं, गोळ्या दोनदा घेणं, यांतलं काही सुरू झालं की त्यांच्याजवळ सतत कुणीतरी लागेल. तेव्हाही राजीनाम्याआधी दोन-तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागा आणि तिथे राहून बघा. तुमच्या असण्याने घर किती सावरतं आणि तुमच्या नवरा-मुलाचं इकडे काय होतं, हे तेवढ्या काळात स्पष्ट होतं. आधी बाबांसाठी मेंदूविकारतज्ज्ञांची किंवा वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टरांची वेळ घ्या, आणि त्या दिवशी आईनेही सोबत जावं. बाबा काय विसरतात ते डॉक्टरांना तीच सांगू शकेल. शक्य असेल तर त्या वेळी तुम्हीही फोनवर राहा, आणि व्यवहाराच्या सह्यांसाठी लागणारा दाखला त्याच भेटीत मागून घ्या.